दिवाणजी निवृत्त होण्याआधी दोन हंगाम

आपल्या रत्नागिरीत आंब्याचा धंदा म्हणजे बहुतेक घरांत घरचाच धंदा. वडिलांनी कलमं लावली, मुलांनी पॅकिंग सुरू केलं, पुढे कोणी कॅनिंगचा छोटा कारखाना काढला. या सगळ्याचा रोजचा गाडा बऱ्याच ठिकाणी घरातलं कोणी ओढत नाही. तो ओढतात पंचवीस-तीस वर्षं सोबत असलेले मॅनेजर. जुन्या घरांत त्यांना अजून दिवाणजीच म्हणतात. हे दिवाणजी साठीला आले आणि म्हणाले, "आता पुरे", तर धंदा कुणी आणि कसा हातात घ्यायचा, हा आजचा आपला विषय आहे.

अशी वेळ आली की बहुतेक घरांत ठरतं, "शेवटचे दोन महिने नव्या माणसाला सोबत बसवू." दुकानात हे कदाचित चालेल, कारण तिथे तेच काम रोज होतं. आंब्यात प्रत्येक काम वर्षातून एकदाच येतं. खत आणि छाटणी पावसाळ्यात, मोहोराच्या फवारण्या थंडीत, काढणी मार्चपासून आणि कॅनिंगची धावपळ मे महिन्यात. दोन महिने सोबत बसलेल्या माणसाला या वर्षाचा सहावा भागच दिसतो. म्हणून आमचं म्हणणं असं, की हातबदलाला पूर्ण दोन हंगाम द्यावेत. पहिल्या हंगामात दिवाणजींनी करायचं आणि नव्या माणसाने पाहून लिहायचं. दुसऱ्या हंगामात नव्या माणसाने करायचं आणि दिवाणजींनी पाहायचं.

आपण एक उदाहरण धरून चालू. समजा, पावसजवळ एका घराची सहाशे कलमं आहेत, पॅकिंगची शेड आहे आणि रस काढून डब्यात भरायचा लहान कारखाना आहे. बारमाही माणसं पाच, हंगामात चाळीस. दिवाणजींची नोकरी तीस वर्षांची. घरचा मुलगा मुंबईत नोकरीला, सूनबाई इथे घरी. कारखान्यात आंबा निवडणाऱ्या बायकांवर देखरेख करणारी एक जुनी ताई आहे.

आधी त्यांचं देणं

या घराने पहिलं काम कोणतं करावं? आधी दिवाणजींचं देणं ठरवावं, वही त्यानंतर मागावी. कारण साधं आहे. ज्या माणसाच्या माहितीवर त्याची किंमत ठरते, त्याला वाटतं की सगळं सांगून टाकलं तर उद्या आपल्याला कोण विचारणार? मग तो विचारलं तेवढंच सांगतो. ही मनाची भीती आहे, तिला लबाडी म्हणू नये. निवृत्तीची तारीख, ग्रॅच्युइटीची रक्कम आणि पुढच्या हंगामात सल्ल्यासाठी यायचं असेल तर त्याचं मानधन, हे तिन्ही कागदावर आलं की ती भीती जाते.

ग्रॅच्युइटीचा हिशेब अवघड नाही. कायद्याप्रमाणे धरला जाणारा शेवटचा महिन्याचा पगार घ्यायचा, त्याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. दिवाणजींचा असा पगार १८,२०० रुपये असेल, तर दिवसाचे ७०० रुपये झाले, १५ दिवसांचे १०,५०० आणि तीस वर्षांचे ३ लाख १५ हजार. निवृत्तीनंतर तीस दिवसांत ही रक्कम द्यावी लागते.

"आमच्याकडे तर पाचच माणसं, आम्हाला हा कायदा कुठला?" असं पुष्कळ मालक म्हणतात. पण मागच्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी दहा किंवा जास्त माणसं कामाला असली तरी कायदा लागू होतो. मे महिन्यात शेडमध्ये चाळीस जण असतात, हे लक्षात ठेवा. एकदा लागू झाला की पुढे माणसं कमी झाली तरी तो सुटत नाही. तीन लाख एकदम काढणं लहान धंद्याला जड जातं, म्हणून दोन हंगाम आधीपासून ही रक्कम बाजूला काढायला हवी.

तारीखही विचारपूर्वक धरा. हिशेबाचं वर्ष संपतं म्हणून कोणी ३१ मार्च धरतात. आंब्यासाठी त्याहून वाईट दिवस नाही, कारण तेव्हाच काढणी भरात येत असते. जूनअखेर ही योग्य वेळ. तोवर दलालांच्या पट्ट्या आलेल्या असतात, कामगारांचे हिशेब मिटलेले असतात.

वही कशी लिहायची

दिवाणजींना "सगळं लिहून द्या" म्हटलं तर ते दोन पानं लिहितील आणि थांबतील. जे हाताला आणि डोळ्याला ठाऊक आहे ते एका जागी बसून आठवत नाही. म्हणून लिहायचं सूनबाईने, आणि तेही काम चालू असताना. तिचा प्रश्न असा असावा: "काका, हे कलम तुम्ही आज का नाही उतरवलंत?" ते सांगतील, "अजून बारा आणे आहे. खांदे भरले नाहीत." आंबा चौदा आणे तयार झाला की काढायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण समुद्राकडच्या उतारावरची कलमं किती दिवस आधी तयार होतात, कुठल्या कोपऱ्यातल्या फळात साका जास्त निघतो, हे त्या बागेचं ज्ञान आहे. ते छापील पुस्तकात मिळणार नाही.

दुसरं उदाहरण पावसाळ्यातलं. मोहोर लवकर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल देतात, ज्याला आपल्याकडे कल्टार म्हणतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे ते १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, कलमाच्या विस्ताराच्या मापाने द्यायचं असतं. शिफारस कुणालाही मिळेल. पण गेल्या वर्षी कोणत्या कलमाला किती दिलं, कोणतं कलम अशक्त झालं म्हणून सोडलं, हे फक्त दिवाणजींच्या डोक्यात असतं. ते गेले आणि नव्या माणसाने सरसकट एकच माप दिलं, तर चूक लगेच दिसत नाही. कलमांची वाढ खुंटलेली पुढच्या काही वर्षांत दिसते. म्हणून कलमांना नंबर घालून प्रत्येकाची एक ओळ लिहायची. सहाशे ओळी म्हणजे दोनशे पानी वहीत सहज मावतात.

उचल आणि बाकी

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते माणसांच्या हिशेबात. राखणीला आणि काढणीला येणारे नेपाळी कामगार दरवर्षी एका म्होरक्याबरोबर येतात. त्याचा फोन दिवाणजींकडे असतो आणि आगाऊ दिलेली उचल त्यांच्या खिशातल्या डायरीत. वाशीच्या दलालाशी दराचं बोलणंही त्यांच्याच आवाजावर झालेलं असतं. दिवाणजी गेल्यावर म्होरक्या म्हणतो, "माझी उचल तर फिटली." दलाल म्हणतो, "ते पैसे मागच्याच पट्टीत वळते केले." खरं काय ते सांगणारं कोणी उरत नाही.

यावर उपाय एकच. दिवाणजी कामावर असतानाच, पहिल्या हंगामाच्या शेवटी, प्रत्येकाची बाकी समोरासमोर बसून ठरवायची आणि एका कागदावर दोघांच्या सह्या घ्यायच्या. त्या बैठकीला नवा माणूस हजर पाहिजे. म्होरक्याला आणि दलालाला दिवाणजींच्याच तोंडून कळू दे, की "पुढच्या वर्षी वहिनींशी बोलायचं." मालकाने नुसता फोन करून सांगितलं तर त्याला तेवढं वजन येत नाही.

सह्या आणि मोबाईल

आता एक लहानसं दिसणारं, पण हंगाम अडवणारं काम. जीएसटी, अन्न परवाना, भविष्य निर्वाह निधी, वीज, बँक या सगळीकडे कुणाचा मोबाईल नंबर दिलेला आहे ते पाहा. खूपदा तो दिवाणजींचाच असतो. ओटीपी त्यांच्या फोनवर जातो आणि ते मुलीकडे पुण्याला गेलेले असले की विवरणपत्र अडकतं. अन्न परवान्यावर जबाबदार व्यक्ती म्हणून त्यांचं नाव असेल तर तेही बदलावं लागतं. हे सगळे बदल पावसाळ्यात करा, आणि बदलल्यावर दिवाणजींना न विचारता प्रत्येक ठिकाणी एकदा आत जाऊन पाहा. जिथे आत जाता येत नाही, तिथे बदल झालेलाच नाही.

त्यांच्या जागी कोण?

आपल्या उदाहरणातल्या घरात यावर वाद होणारच. मुलगा म्हणेल, मी मुंबईहून बघतो. सासरे म्हणतील, बाहेरून कोणीतरी आणू. दिवाणजी चार कामं करत होते: बाग, माणसं, पैसे आणि कागदपत्रं. तीस वर्षांत ती एका माणसात गोळा झाली. चारही कामं करणारा तसाच माणूस शोधत बसलात तर मिळणार नाही, आणि मिळाला तरी वीस वर्षांनी पुन्हा हीच अडचण उभी राहील. म्हणून कामं वाटा. सूनबाई बाग आणि माणसं बघेल, कारखान्यातली ताई निवड आणि डबे भरण्याचं काम सांभाळेल, मुलगा मुंबईहून कागदपत्रं आणि दलालाच्या पट्ट्या तपासेल. माल विकत घेणारा आणि पैसे देणारा एकच माणूस नसावा, एवढं मात्र पाळा.

कामाबरोबर अधिकारही लिहून द्यावा लागतो. दिवाणजी पंधरा हजारांचं औषध कुणाला न विचारता आणत असत. सूनबाईला दोन हजारांसाठीही सासऱ्यांना विचारावं लागलं, तर म्होरक्या आठवड्यात ओळखतो की हिच्या शब्दाला किंमत नाही, आणि थेट मोठ्यांकडे जातो. ती किती रकमेपर्यंत स्वतः ठरवणार, हे घरात सगळ्यांसमोर ठरू दे. ताईचं काम वाढलं तर तिचा पगारही वाढला पाहिजे.

दहा दिवसांची रजा

तयारी झाली की नाही हे कसं कळणार? दुसऱ्या हंगामात, एप्रिलच्या मध्यावर, दिवाणजींना दहा दिवस भरपगारी रजा द्या. त्या दहा दिवसांत त्यांना केलेला प्रत्येक फोन लिहून ठेवा: कोणी केला, काय विचारलं. समजा, चौदा फोन झाले आणि त्यातले नऊ कॅनिंगचा आंबा घेताना कुठला परत पाठवायचा याबद्दल होते, तर नेमकं काय शिकायचं राहिलं ते तुमच्या हातात आलं. मे महिना अजून पुढे आहे आणि दिवाणजी अजून कामावर आहेत, तोवर ते शिकता येतं.

एवढं करूनही काही गोष्टी वहीत उतरणार नाहीत. आढीतला आंबा वासावरून ओळखणं दोन वर्षांत येत नाही. त्यासाठी पुढचा एक हंगाम दिवाणजींना आठवड्यातून एक दिवस मानधनावर बोलवा. मात्र त्या दिवशी त्यांनी सल्ला द्यायचा, हुकूम सूनबाईने. नाहीतर माणसं जुन्याच तोंडाकडे बघत राहतात.

बचत गटाचा काजू कारखाना असो की कोकम सरबताचा, जिथे एकाच ताईकडे सगळा हिशेब आणि सगळे फोन आहेत, तिथेही याच क्रमाने जाता येईल. या आठवड्यात गटाच्या बैठकीत एवढंच करा: तुमच्या बँकेच्या आणि परवान्याच्या कागदांवर कुणाचा मोबाईल नंबर आहे, तो मोठ्याने वाचून दाखवा.