एक गिरकी की दोन?

शब्दकोशात मधलं पान उघडून आपण ठरवतो, मागे जायचं की पुढे. एव्हीएल वृक्षातही लहान आकडे डावीकडे, मोठे उजवीकडे. मात्र कोणत्याही गाठीच्या दोन बाजूंच्या उंचीत एकाहून जास्त फरक चालत नाही.

30, 20, 10 या क्रमाने आकडे घातले की 30 चा तोल जातो. 20 वर उचलला, 30 त्याच्या उजवीकडे उतरवला की एका गिरकीत काम झालं.

30, 10, 20 मध्ये मात्र वाट डावीकडे जाऊन उजवीकडे वळते. इथे एकाच गिरकीने 10 वर येतो, 20 मात्र 30 खाली लटकतो आणि झाड आता उजवीकडे कलतं. म्हणून आधी 20 ला 10 च्या वर आणून वाट सरळ करायची, मगच 30 फिरवायचा. तोल गेलेल्या सर्वांत खालच्या गाठीपासून नव्या आकड्याकडची पहिली दोन पावलं एकाच दिशेची असतील तर एक गिरकी पुरते, नाहीतर दोन लागतात.