यंत्राच्या पायातले काँक्रीट आणि बोल्टांचे खळगे

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एखाद्या वर्कशॉपमध्ये नवा पिस्टनचा एअर कंप्रेसर बसवायचा आहे, असे समजू. असे यंत्र सतत धक्के देते, म्हणून त्याच्याखाली काँक्रीटचा भरीव, जड ठोकळा ओततात. काँक्रीट किती लागेल याचे उत्तर लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली इतके सरळ वाटते. फसगत होते ती यातल्या खोलीत आणि बोल्टांसाठी ठेवलेल्या खळग्यांत.

ड्रॉइंगवर ब्लॉक २४०० बाय १५०० मिलिमीटर आहे आणि खोली ९०० दाखवली आहे. हिशेबाला बसण्याआधी सगळी मापे मीटरमध्ये आणावीत. खळग्याचे माप मिलिमीटरमध्ये आणि ब्लॉकचे मीटरमध्ये राहिले की वजाबाकीला अर्थ उरत नाही. त्यानंतर हे ९०० नेमके कुठून कुठपर्यंत आहेत ते पाहावे. या ड्रॉइंगवर ते पीसीसीच्या वरच्या पातळीपासून यंत्राच्या बेडप्लेटच्या तळापर्यंत आहेत. बेडप्लेट काँक्रीटवर थेट टेकत नाही. तिच्याखाली ४० मिलिमीटर जागा सोडतात, यंत्र पाचरींवर लेव्हल करतात आणि मग त्या फटीत न आकसणारे ग्राउट भरतात. म्हणजे काँक्रीटची खरी खोली ८६० मिलिमीटर. २.४० × १.५० × ०.८६ केले की ३.०९६ घनमीटर येतात.

आता खळगे. साइटवर त्यांना पॉकेट म्हणतात. काँक्रीट ओतताना बोल्ट पक्के केले आणि ते थोडे जरी सरकले, तरी यंत्राची भोके जुळत नाहीत. म्हणून बोल्टांच्या जागी लाकडी खोके किंवा थर्माकोलचे ठोकळे ठेवून पोकळी राखतात. पुढे यंत्र वर ठेवले की बोल्ट त्या पोकळीत लोंबकळतात. मग ती भरतात. आपल्याकडे असे चार पॉकेट आहेत, तोंड १५० बाय १५० आणि खोली ब्लॉकच्या माथ्यापासून ४५०. एकाचे आकारमान ०.१५ × ०.१५ × ०.४५, म्हणजे ०.०१०१ घनमीटर. चारांचे मिळून ०.०४०५. ते वजा करून निव्वळ काँक्रीट ३.०५५ घनमीटर उरते. पॉकेट ब्लॉकच्या आरपार जात नाही, तरीही खोलीच्या जागी ४५० ऐवजी ८६० घालण्याची चूक अनेकदा दिसते. तसे केले की वजावट जवळपास दुप्पट होते.

चार पॉकेटची वजावट दीड टक्काही नाही. खोली ९०० धरून कोणी ३.२४ घनमीटर काढले, तर त्यातल्या चुकीचा मोठा वाटा, ०.१४४ घनमीटर, ग्राउटच्या थराचा असतो. म्हणून आधी पातळ्या तपासाव्यात. तरीही पॉकेटचा आकडा मी सोडणार नाही, कारण ग्राउटची मागणी त्यावरच ठरते. चार पॉकेट म्हणजे ४० लिटर. बोल्टांनी व्यापलेली जागा लिटरभरही नाही, ती सोडून द्यावी. १८०० बाय ९०० च्या बेडप्लेटखालचे ४० मिलिमीटर म्हणजे ६५ लिटर. एकूण १०५ लिटर. २५ किलोच्या थैलीतून साधारण १२ ते १४ लिटर ग्राउट होते, म्हणून आठ ते नऊ थैल्या आणि नासाडीसाठी एक जास्त. नेमका आकडा थैलीवर छापलेला असतो. काँक्रीटपेक्षा हा माल कितीतरी महाग आहे. आणि ग्राउटचे पैसे वेगळे द्यायचे असतील, तर पॉकेट वजा न करता केलेल्या बिलात त्याच पोकळीचे दाम दोनदा जातात. मात्र लहान पोकळ्या वजा करू नयेत अशी मर्यादा मोजमापाच्या आयएस १२०० मध्ये आणि काही निविदांतही असते. बिलासाठी ती कलमे आधी वाचावीत. मालाच्या मागणीसाठी मात्र पोकळी ही पोकळीच.

ठोकळा जागेवर मिक्सरमध्ये करायचा असेल, तर एम-२० च्या नेहमीच्या १:१.५:३ मिश्रणाला घनमीटरमागे आठ पोती सिमेंट धरतात. म्हणजे २५ पोती. रेडीमिक्स मागवायचे असेल, तर दोन-तीन टक्के नासाडी धरून सव्वातीन घनमीटरपर्यंत सांगावे. ओतणी मध्येच थांबली तर थंड सांधा पडतो, आणि धक्के सोसणाऱ्या पायात तो नको.

कागदावरचे पॉकेट आणि प्रत्यक्षातले पॉकेट यांत फरक पडतो तो ओतताना. व्हायब्रेटर लावला की हलके खोके वर तरंगू पाहते किंवा तिरके होते, म्हणून ते वरच्या टेम्प्लेटला घट्ट बांधावे लागते. खोके काढल्यावर तळाला लगदा आणि लाकडाचे तुकडेही उरतात. पॉकेट साफ करून मापाच्या बादलीने पाणी ओतावे. काठोकाठ भरायला दहा लिटर लागले तर माप बरोबर. आठच लिटरमध्ये ते भरले, तर खोके वर आले होते किंवा आत माती आहे, आणि बोल्ट पुरेसा खाली जाणार नाही. पाणी चोवीस तास तसेच ठेवले की भिंतीही भिजतात आणि ग्राउटमधले पाणी शोषून घेत नाहीत. ओतण्यापूर्वी मात्र तळाचे पाणी फडक्याने पूर्ण टिपून घ्यावे.