तीन महिन्यांत मोजणी की तीन महिन्यांत पैसे?

ओळखीच्या एका गृहस्थांनी जमिनीच्या साठेखताचा मसुदा नजरेखालून घालायला दिला. दीड पान वाचून झालं तरी पूर्णविराम काही भेटेना. मध्यभागी कुठेतरी असं होतं: ‘उर्वरित रक्कम लिहून घेणार यांनी तीन महिन्यांत मोजणी झाल्यावर द्यावयाची आहे.’

‘यात तीन महिने कशाला?’ मी विचारलं. ‘पैशाला,’ ते म्हणाले. ते विकणारे होते. घेणारा मात्र हेच वाक्य वाचून म्हणू शकतो, की तीन महिने मोजणीला आहेत, आणि पैसे मोजणीनंतर कधीही. ‘तीन महिन्यांत’ नंतर स्वल्पविराम टाकला, की हे शब्द मोजणीपासून तुटतात आणि थेट ‘द्यावयाची आहे’ला जाऊन मिळतात. तो नसला तर वाचणारा ते लगतच्या मोजणीला जोडतो.

मराठीत ही अडचण जास्त, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. मुदत, अट, विशेषण हे सगळं त्याच्याआधी रांगेत उभं राहतं, आणि कोण कोणाचा हात धरून उभा आहे हे स्वल्पविरामाशिवाय कळत नाही.

एका स्वल्पविरामावरून कलमाचा अर्थ ठरल्याचंही उदाहरण आहे. १९७९ साली मोहम्मद शब्बीर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचं कलम २७ सर्वोच्च न्यायालयापुढे होतं. इंग्रजी मजकुरात ‘साठवणे’ या अर्थाच्या शब्दानंतर स्वल्पविराम नव्हता. म्हणून ‘विक्रीसाठी’ हे बंधन साठवण्यालाही लागू होतं, नुसतं जवळ बाळगणं या कलमात बसत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. मराठीत ‘विक्रीसाठी’ आधी येतं. त्यामुळे ‘विक्रीसाठी साठवील किंवा मांडील’ म्हटलं की ते दोन्हींना लागतं. ‘साठवील, किंवा विक्रीसाठी मांडील’ म्हटलं की फक्त मांडण्याला. तरी सगळी भिस्त चिन्हावर ठेवू नये. १९५२च्या अश्विनीकुमार घोष खटल्यात याच न्यायालयाने, कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्हं हा गौण घटक आहे, असंही म्हटलेलं आहे. चिन्ह पुसलं तरी अर्थ टिकेल अशी वाक्यरचना करणं सगळ्यात बरं.

त्यासाठी पूर्णविराम लागतो. साठेखतातलं ते वाक्य आम्ही असं फोडलं: ‘मोजणी आजपासून तीन महिन्यांत करून घ्यावयाची आहे. मोजणी झाल्यापासून पंधरा दिवसांत लिहून घेणार यांनी लिहून देणार यांना उर्वरित रक्कम द्यावयाची आहे.’ पंधरा दिवस दोघांनी बोलून ठरवले, कारण मूळ वाक्यात तो आकडा नव्हताच. वाक्य फोडेपर्यंत ही उणीव कोणाच्या लक्षातही आली नव्हती.

फोडताना एक पथ्य पाळावं लागतं. ‘असून’, ‘करून’, ‘नसल्याने’ यांनी ओवलेल्या लांब वाक्यात कर्ता एकदाच, सुरुवातीला येतो. मध्ये पूर्णविराम दिला की पुढचं वाक्य पोरकं होतं. तिथे ‘त्यांनी’ लिहून भागत नाही, कारण ते म्हणजे घेणारे की देणारे, असा नवा वाद उभा राहतो. ‘लिहून घेणार यांनी’ हे पुन्हा लिहावं. कानाला खटकलं तरी चालेल. दस्त कानासाठी नसतो.

आता दंड. गद्य मराठीत वाक्य टिंबाने संपतं. उभा दंड आपण श्लोक, ओव्या, अभंगांकडे ठेवला आहे. गद्यात तो हिंदीचा. तरी हिंदी मसुद्यावरून मराठी केलेल्या कागदांत तो राहून जातो. इनस्क्रिप्ट कळपाटावर टिंबाच्याच कळीवर शिफ्ट दाबलं की दंड उमटतो, म्हणून बोट चुकूनही येतो.

आकड्यानंतर आला तर तो शोभेपुरता राहत नाही. जुन्या मराठी हिशेबात । म्हणजे पाव, ॥ म्हणजे अर्धा. ‘रु. १२५।’ म्हणजे एकशे पंचवीस रुपये चार आणे. आण्यांचा हिशेब १९५७मध्ये दशमान नाणी आल्यावर मागे पडला, पण जुने दस्त आजही पुराव्याला काढावे लागतात, आणि त्यांची नक्कल करणारा सवयीने दंडाला वाक्याचा शेवट समजतो. ‘एकर ४॥’ याचं त्याने ‘एकर ४.’ केलं, की कागदावरून वीस गुंठे जमीन जाते. अशी नक्कल हाती आली तर क्षेत्राच्या आकड्यामागचं प्रत्येक टिंब मूळ कागदाशी ताडून पाहावं, आणि जुन्या दस्तात रक्कम अक्षरी लिहिलेली असेल तर आधी ती वाचावी.