‘विल’ म्हणजे मृत्युपत्र नव्हे!

तुमचं इंग्रजी बरं आहे, असं घरात एकदा ठरलं की एक काम हमखास गळ्यात पडतं. काका स्टॅम्प पेपरची चळत पुढे सरकवतात आणि म्हणतात, “कॉलेजला जातोस ना? मग हे जरा मराठीत करून दे.” बघता तर काय, ते असतं भागीदारीचं डीड, पूर्ण इंग्रजीत. त्यावर सही काकांची होणार, पण त्यांना कळणार ते तुमचं मराठी. म्हणून यातला एक शब्द चुकला तर काय होतं, ते आकड्यांत बघू.

समजा, भूममध्ये दोघा मित्रांनी खव्याची भट्टी टाकली. पहिल्याने सहा लाख घातले, दुसऱ्याने दोन. दुसरा दिवसभर भट्टीवर राबणार, म्हणून नफा-तोटा निम्मा-निम्मा ठरला. चार वर्षांनी धंदा बसला. कढया, फ्रीजर, गाडी सगळं विकलं, दूधवाल्यांची आणि बँकेची देणी फेडली. हातात उरले पाच लाख. हे वाटायचे कसे?

इंग्रजी डीडमध्ये यासाठी ‘सरप्लस’ किंवा ‘रेसिड्यू’ असा शब्द असतो, आणि तो नफ्याच्या प्रमाणात वाटावा असं लिहिलेलं असतं. तुम्ही पटकन लिहिता, ‘उरलेली रक्कम निम्मी-निम्मी वाटावी.’ वाचायला सोपं, पण झोल इथेच आहे. तुमच्या मराठीप्रमाणे दोघांना अडीच-अडीच लाख मिळतील.

भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 चं कलम 48 वेगळा क्रम सांगतं. आधी बाहेरच्यांची देणी. मग एखाद्या भागीदाराने भांडवलाशिवाय फर्मला उसने पैसे दिले असतील तर ते. मग प्रत्येकाचं भांडवल. आणि हे सगळं फिटून काही राहिलं, तरच ते नफ्याच्या प्रमाणात वाटायचं. सरप्लस म्हणजे हा शेवटचा भाग. आपल्या भट्टीत तो शून्य आहे, कारण भांडवल आठ लाख होतं आणि हातात पाचच आहेत. म्हणजे तोटा तीन लाखांचा. तो निम्मा-निम्मा, प्रत्येकी दीड लाख. पहिल्याला सहातून दीड वजा करून साडेचार लाख मिळतील, दुसऱ्याला दोनातून दीड वजा करून पन्नास हजार. एका ‘उरलेली’ने पहिल्याचे दोन लाख इकडचे तिकडे झाले! शिवाय भागीदारांनी आपसात वेगळं ठरवलं असेल, तर हे कलम त्या ठरावाला मान देतं. त्यामुळे तुमच्या मराठी प्रतीवर सह्या झाल्या, की ‘आमचं असंच ठरलं होतं’ म्हणायला दुसरा मोकळा. म्हणून लिहा, ‘देणी, भागीदारांची उसनी रक्कम व भांडवल परत केल्यानंतर काही शिल्लक राहिल्यास ती...’ वाक्य लांबेल, लांबू द्या.

दुसरा सापळा ‘पार्टनरशिप ॲट विल’. ‘विल’ दिसलं की मृत्युपत्र आठवतं, पण इथे अर्थ आहे मर्जी. भागीदारी किती काळ चालेल आणि कशी संपेल हे करारात ठरलेलंच नसेल, तर कलम 7 तिला मर्जीवरची भागीदारी मानतं. अशी फर्म कोणीही एक भागीदार बाकी सगळ्यांना लेखी नोटीस देऊन मोडू शकतो. नोटिशीत तारीख असेल तर त्या दिवसापासून, नसेल तर नोटीस पोचल्यापासून. याच कलमात ‘डिटरमिनेशन’ हा शब्द आहे. कायद्यात इथे त्याचा अर्थ निर्धार नाही, शेवट असा आहे.

तिसरा शब्द ‘डिझोल्यूशन’. बारावी कॉमर्सच्या पुस्तकात तुम्ही त्याला ‘विसर्जन’ म्हणून भेटला असाल. त्याऐवजी नुसतं ‘भागीदारी संपेल’ लिहिलंत तर गोंधळ होतो. तिघांतला एक बाहेर पडला आणि दोघांनी दुकान चालू ठेवलं, तर ती त्याची निवृत्ती. फर्म चालूच राहते, फक्त त्याचा हिशेब होतो. तिघांचंही नातं तुटलं, तर ते फर्मचं विसर्जन, आणि तेव्हाच सगळं विकून वाटणी येते. म्हणून दोन्हींसाठी दोन शब्द ठेवा आणि शेवटपर्यंत तेच वापरा.

अनुवाद झाला की एक करा. इंग्रजी डीड बाजूला ठेवा आणि नुसतं मराठी वाचून वरचे पाच लाख वाटून बघा. मग इंग्रजीवरून वाटा. उत्तर जुळलं नाही, तर कलम परत लिहा. जुळलं, की दोन्ही प्रती वकिलांना दाखवा आणि वाद झाल्यास कोणती प्रत खरी धरायची, हे डीडमध्येच लिहून घ्या. मग दोन्ही भागीदारांना समोरासमोर बसवून मराठी मोठ्याने वाचून दाखवा. ‘म्हणजे मला पन्नास हजारच?’ हा प्रश्न आलाच, तर सहीच्या आधी येऊ दे. तेव्हा आकडा बदलता येतो.