चाळीस डब्यांची ऑर्डर ऐंशी कशी होते? ॲपचे पैसे देण्याआधी या तीन चाचण्या करा



समजा, तुम्ही चऱ्होलीतून चाकणच्या कारखान्यांना जेवणाचे डबे पुरवता. ऑर्डर घ्यायला एका मुलाकडून ॲप बनवून घेतलं. त्याने त्याच्या ऑफिसच्या वायफायवर, भारी फोनवर दाखवलं आणि मस्त चाललं. आता तेच ॲप चाकणमधल्या पत्र्याच्या शेडमधला सुपरवायझर वापरतोय, रेंजची एकच काडी आहे. त्याने ४० डबे टाकले, बटण दाबलं, चक्र फिरतंच राहिलं. म्हणून त्याने पुन्हा दाबलं. तुमच्याकडे ८० डबे आले. ७० रुपयांचा डबा धरला तर २,८०० रुपयांचं जेवण वाया.

इथे नेमकं काय झालं, ते समजून घ्या. पहिली ऑर्डर सर्व्हरपर्यंत पोहोचली होती. 'मिळाली' हे उत्तर परत येताना वाटेत हरवलं. म्हणजे रेंज अजिबात नसण्यापेक्षा अर्धवट असणं जास्त धोक्याचं. म्हणूनच फक्त एअरप्लेन मोड लावून केलेली चाचणी पुरत नाही. त्यात ॲपला लगेच कळतं की नेट नाही.

पहिली चाचणी: अर्धवट नेट. दोन फोन घ्या. एकाचा हॉटस्पॉट दुसऱ्याला जोडा आणि दुसऱ्याचा स्वतःचा मोबाइल डेटा बंद ठेवा. ॲपवाल्याला सांगा, चाचणीच्या सर्व्हरवर ऑर्डर जतन झाल्यावर उत्तर २० सेकंद उशिरा पाठव. आता बटण दाबा, दोन-तीन सेकंद थांबा आणि पहिल्या फोनचा डेटा बंद करा. हॉटस्पॉट चालूच राहू द्या. दुसऱ्या फोनला वाटेल वायफाय आहे, पण पुढे काहीच जाणार-येणार नाही. मिनिटभराने डेटा चालू करून पुन्हा ऑर्डर दाबा. यादीत एकच ऑर्डर दिसली पाहिजे.

दोन दिसल्या, तर 'एकदा दाबल्यावर बटण बंद करतो' या उत्तरावर समाधान मानू नका. ॲप बंद करून उघडलं की बटण पुन्हा चालू होतं. खरा उपाय असा: फोनने प्रत्येक ऑर्डरला स्वतःचा एक वेगळा क्रमांक द्यायचा आणि ऑर्डर पक्की होईपर्यंत तो फोनमध्ये जपायचा. पुन्हा पाठवताना तोच क्रमांक जातो. सर्व्हरला तो आधी आलेला दिसला की तो नवीन ऑर्डर करत नाही, जुनंच उत्तर परत देतो.

आपल्याकडचं ओळखीचं उदाहरण बघा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेलं ई-पीक पाहणी ॲप. शेतात रेंज नसेल तर माहिती फोनमध्ये साठवायची आणि रेंज आल्यावर अपलोड करायची, अशी सोय त्यात ठेवली होती. तुमच्या ॲपमध्येही 'फोनमध्ये जतन झाली' आणि 'आम्हाला मिळाली' हे दोन वेगळे शब्द दिसू द्या. नाहीतर ग्राहक पहिल्यालाच दुसरं समजेल आणि दुपारी डबा येणार नाही.

दुसरी चाचणी: मध्येच फोन आला. कमी रॅमच्या फोनवर कॉल घेतला, कॅमेरा उघडला, की अँड्रॉइड मागे गेलेलं ॲप बंद करून टाकतो. हे मुद्दाम घडवता येतं. अर्धा फॉर्म भरा, होम बटण दाबा आणि ॲपवाल्याला कॉम्प्युटरवरून ही आज्ञा द्यायला सांगा (शेवटी तुमच्या ॲपचं पॅकेज नाव):

```
adb shell am kill com.example.dabba
```

मग अलीकडच्या ॲप्सच्या यादीतून परत या. भरलेले आकडे तसेच असले तर पास. कोरा फॉर्म आला, तर नापास.

तिसरी चाचणी: लहान स्क्रीन. दहा फोन विकत घ्यायची गरज नाही. एकाच फोनला लहान स्क्रीनचं सोंग देता येतं:

```
adb shell wm size 720x1280
adb shell wm density 320
```

सोबत सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार सर्वांत मोठा करा, कारण चाळिशी लागलेले ग्राहक तसाच ठेवतात. आता कीबोर्ड उघडा आणि बघा, 'ऑर्डर द्या' बटण त्याच्या मागे लपतंय का? मराठी शब्द अर्धे कापले जातायत का? वेलांटी-मात्रा वरून छाटल्या जातायत का? झाल्यावर पूर्ववत करा:

```
adb shell wm size reset
adb shell wm density reset
```

एक मर्यादा लक्षात ठेवा. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला मागे चाललेलं काम स्वतःच्या पद्धतीने थांबवतात, ते या सोंगातून कळत नाही. त्यासाठी ग्राहकांकडे जास्त दिसणारे दोन-तीन फोन मागून घ्या आणि थेट शेडमध्ये उभं राहून एक ऑर्डर टाका.

या तीन चाचण्या ॲपवाल्याशी करार करतानाच कागदावर लिहा आणि शेवटचा हप्ता त्या पास झाल्यावरच द्या.