मार्चअखेर मिटणारी शिल्लक

वीजबिल समजून घेताना : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण स्लॅब पाहिले. पहिल्या शंभर युनिटांना एक दर आणि त्यापुढच्या युनिटांना त्याच्या दुपटीहून जास्त दर लागतो, हे त्यात आले होते. आता ज्यांच्या घरावर सौर पॅनेल आहेत त्यांच्या बिलाकडे वळू. वसमतमध्ये गेल्या दोन वर्षांत गच्च्यांवर पॅनेल दिसू लागले, त्यामागे फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेली पीएम सूर्यघर योजना आहे. तीन किलोवॅटच्या संचाला तिच्यातून ७८ हजार रुपये अनुदान मिळते. पॅनेल बसतात, नेट मीटर लागतो, पहिले बिल येते आणि घरात प्रश्न सुरू होतात. त्यातला सर्वांत जास्त ऐकू येणारा प्रश्न असा : इन्व्हर्टर म्हणतो साडेतीनशे युनिट तयार झाले, मग बिलात दोनशे चाळीसच का? आमचे एकशे दहा युनिट कुठे गेले?

ते कुठेही गेलेले नसतात. ते घरातच वापरले गेलेले असतात. दुपारी पॅनेल वीज करत असताना फ्रिज, पंखा, पाण्याची मोटर जे काही चालू असेल, ते आधी तीच वीज घेते. घराला पुरून जी उरते, तेवढीच नेट मीटरमधून बाहेर तारेत जाते आणि तेवढीच ‘निर्यात’ म्हणून मोजली जाते. संध्याकाळी ऊन गेले की घर तारेतून वीज घेते, ती ‘आयात’. नेट मीटर एकच असतो, पण तो या दोन्ही दिशा वेगवेगळ्या मोजतो. एकूण किती वीज तयार झाली हे शेजारी बसवलेला दुसरा, सौर निर्मितीचा मीटर सांगतो.

ऑक्टोबरचा एक महिना धरू. निर्मिती ३५०, निर्यात २४०, म्हणजे घरात थेट वापर ११०. तारेतून घेतलेली वीज १७०. तेव्हा घराचा खरा वापर ११० अधिक १७०, असा २८० युनिटांचा झाला. बिलात मात्र १७० मधून २४० वजा होतात आणि ७० युनिट तुमच्या नावावर शिल्लक पडतात. त्या महिन्यात विजेचे पैसे शून्य. तरीही बिल पूर्ण शून्य होत नाही, कारण स्थिर आकार जोडणीसाठी असतो आणि तो युनिटांनी फिटत नाही.

इथे एक गोष्ट नीट पकडून ठेवावी. ही वजाबाकी युनिटांची आहे, रुपयांची नाही. शिल्लक राहिलेले ७० हे युनिट म्हणूनच पुढच्या महिन्यात जातात. तिथे आयात निर्यातीपेक्षा जास्त झाली, तर जास्तीचे युनिट आधी या शिलकीतून फेडले जातात. स्लॅबचा दर लागतो तो त्यानंतर उरलेल्या युनिटांना. त्यामुळे वजा होणारा प्रत्येक युनिट वरच्या, महाग स्लॅबमधून आधी सुटतो. निव्वळ वापर २५० वरून १५० वर आला, तर वाचलेले शंभरही युनिट दुसऱ्या, महाग स्लॅबमधले असतात. म्हणूनच ज्यांचे बिल मोठे, त्यांना पॅनेलचा फायदा लवकर जाणवतो.

इथवरचा हिशेब बहुतेक घरांना दोन-तीन बिलांत कळतो. खरी अडचण पुढे आहे, आणि ती मराठवाड्याच्या उन्हाळ्याशी बांधलेली आहे.

राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या छतावरील सौर नियमावलीप्रमाणे ही शिल्लक आर्थिक वर्षापुरतीच पुढे जाते. ३१ मार्चला वर्ष मिटते. तोवर न वापरलेले युनिट महावितरण आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि एप्रिलचे खाते पुन्हा शून्यावरून सुरू होते. खरेदीचा हा दर आपण वीज घेताना मोजतो त्यापेक्षा बराच कमी असतो. म्हणजे ३१ मार्चपर्यंत एका युनिटाची किंमत एक युनिट असते, आणि त्या दिवशी ती थोडे रुपये होऊन बसते.

आता हा दिवस वसमतच्या वर्षात कुठे पडतो ते पाहा. दिवाळीनंतर पंखे बंद होतात, कूलर कधीच झाकून ठेवलेला असतो, आकाश निरभ्र असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी वापर कमी आणि निर्मिती चांगली. शिल्लक महिन्यामागून महिना वाढत जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये शिवारात हळद शिजते, वाळते, मोंढ्यात यायला लागते, आणि नेमके त्याच सुमारास विजेचे खातेही भरलेले असते. मग ३१ मार्च येतो. एप्रिल उजाडताच कूलर बाहेर निघतात, पाणी वर चढवायला मोटर जास्त चालते, रात्रभर पंखे फिरतात. ज्या महिन्यांत शिल्लक हवी, त्यांच्या अगदी तोंडावर ती मिटलेली असते.

वर्षभराचा आकडा मांडून पाहू. घर मध्यम, संच तीन किलोवॅटचा. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, पण त्यांची चाल आपल्याकडच्या हवेची आहे. एप्रिलमध्ये आयात ३३०, निर्यात २४० : ९० युनिटांचे बिल. मे महिन्यात आयात ३९०, निर्यात पुन्हा २४०, कारण पॅनेलने जास्त दिले तरी कूलरने दुपारीच ते खाल्ले : १५० युनिटांचे बिल. जूनमध्ये १०० युनिटांचे. जुलै-ऑगस्टमध्ये वापर उतरतो, पण ढगांमुळे निर्मितीही पडते, म्हणून ५० आणि ४०. सप्टेंबर बरोबरीत सुटतो. एप्रिल ते ऑगस्ट मिळून ४३० युनिटांचे पैसे भरले.

ऑक्टोबरपासून वारे फिरते. ७० शिल्लक, नोव्हेंबरात ८० ची भर, डिसेंबरात ८५, जानेवारीत ९०, फेब्रुवारीत ९५. मार्चमध्ये पंखे लागल्यामुळे २० च. मार्चअखेर शिल्लक ४४०.

आता ४३० आणि ४४० शेजारी ठेवा. या गच्चीने वर्षभरात घराला लागणारी सगळी वीज दिली, वर दहा युनिट उरवले. तरीही घराने ४३० युनिट किरकोळ दराने विकत घेतले. वहन आकार आणि वीज शुल्क धरून ते तीन हजार रुपयांच्या थोडे वर जाते. आणि स्वतःचे ४४० युनिट कमी दराने देऊन टाकले. वर्ष ३० सप्टेंबरला मिटत असते, तर हिवाळ्याच्या शिलकीतून पुढच्या उन्हाळ्याचा वापर पूर्ण फिटला असता. पॅनेल तेच, ऊन तेच, फरक फक्त खाते मिटण्याच्या तारखेचा. उन्हाळ्यात सर्वाधिक वीज लागणाऱ्या मराठवाड्यासाठी ही तारीख चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आयोगाच्या जाहीर सुनावण्यांत ग्राहकांना हरकती नोंदवता येतात. तिथे हा मुद्दा आपल्या भागातून गेला पाहिजे.

या तारखेमुळे आणखी एक गैरसमज होतो. ज्यांचा संच दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, त्यांना पहिले चार-पाच महिने फक्त स्थिर आकाराचे बिल येते. घरात सगळ्यांना वाटते, वीजबिल संपले. मग एप्रिल-मेचे बिल येते आणि संच बिघडला म्हणून बसवणाऱ्याला फोन जातो. संच बहुधा ठीक असतो.

तारीख बदलेपर्यंत आपल्या हातात काय आहे? सर्वांत मोठा निर्णय संच घेतानाच असतो. वर्षाच्या वापरापेक्षा मोठा संच घेऊ नये, कारण जास्तीचा प्रत्येक युनिट शेवटी कमी दरानेच जाणार. बारा महिन्यांची जुनी बिले काढा, युनिटांची बेरीज करा आणि एक किलोवॅट वर्षाला साधारण चौदाशे युनिट देतो असे धरून भागा. उत्तरापेक्षा किंचित लहान संच चालेल, मोठा नको. नेट मीटर ज्या जोडणीवर आहे त्याच बिलात हे युनिट वळते होतात, हेही लक्षात असू द्या. मोंढ्यातल्या गाळ्याच्या किंवा शेतातल्या पंपाच्या बिलाला घरच्या गच्चीवरची साधी नेट मीटर जोडणी उपयोगी पडत नाही.

ज्यांचा संच बसून झाला आहे, त्यांनी डिसेंबरच्या बिलातली शिल्लक पाहावी. ती मोठी दिसत असेल, तर जानेवारी ते मार्च स्वयंपाकाचा काही भाग इंडक्शन शेगडीवर न्यावा. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून भांड्याला जेवढी उष्णता मिळते, तेवढ्यासाठी इंडक्शनला साधारण १२० ते १३० युनिट लागतात. म्हणजे वरच्या घराची ४४० ची शिल्लक तीन सिलिंडरांचे काम करते. एरवी विकतच्या विजेवर इंडक्शन चालवणे मी कुणाला सुचवणार नाही. पण मार्चअखेर मिटणाऱ्या युनिटांचा याहून चांगला उपयोग मला दिसत नाही. आंघोळीचे पाणी चुलीवर तापत असेल, तर तेही या तीन महिन्यांत विजेवर तापवावे.

एक काळजी मात्र दर महिन्याला घ्यायची आहे. ही सगळी शिल्लक रीडिंगवर उभी आहे. निर्यातीचे रीडिंग नोंदवायचे राहिले किंवा आयात-निर्यातीची अदलाबदल झाली, तर बिल पूर्ण चुकते, आणि ते छापील असल्याने खरे वाटते. रीडिंग होते त्या दिवशी नेट मीटरच्या पडद्यावर फिरणारे आयात आणि निर्यातीचे आकडे व सौर मीटरचा आकडा मोबाइलवर टिपून ठेवा. बिल आले की दोन गोष्टी ताडून पाहा. निर्यात कधीही निर्मितीपेक्षा जास्त असू शकत नाही. तशी दिसली तर नोंद चुकली आहे. आणि निर्मितीतून निर्यात वजा करून त्यात आयात मिळवली की घराचा एकूण वापर येतो. पॅनेल बसण्याआधीच्या त्याच महिन्याच्या वापराशी तो साधारण जुळला पाहिजे.

निर्मितीच कमी दिसत असेल, तर आधी दुपारी वीज किती वेळ गेली होती ते आठवा. पुरवठा बंद पडला की हे इन्व्हर्टर आपणहून थांबतात. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून तशी रचनाच असते. कडक ऊन असले तरी भारनियमनाच्या त्या तासांत एक युनिटही तयार होत नाही.

तक्रार करायची झाली तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. मार्चच्या बिलात चूक असेल तर एप्रिलमध्येच बोला, कारण त्या बिलावर वर्षाचा हिशेब मिटतो. आज घरी गेल्यावर शेवटचे बिल काढा आणि मागील शिलकीच्या ओळीतला आकडा पाहा. तेवढे युनिट ३१ मार्चपर्यंत तुमचे आहेत.