माळ्यावरचा जुना रेडिओ ‘लाल पाऱ्या’साठी विकताय? आधी त्याचे व्हॉल्व्ह वाचा

प्रतिनिधी : जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत ‘लाल पारा’ असतो आणि त्याला लाखोंची किंमत मिळते, असे व्हिडिओ मोबाईलवर फिरत असतात. लसणाजवळ नेला की तो पारा पळतो, आरशात दिसत नाही, असंही त्यात सांगतात. मग कुणी माळ्यावरचा सेट खाली काढून त्याचे व्हॉल्व्ह फोडतो, कुणी ‘तपासणीचा खर्च’ म्हणून अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवतो. दोन्हीकडून नुकसान घरच्याचंच.

घरच्या रेडिओत व्हॉल्व्हच्या काचेत पारा नसतो, लाल तर नाहीच. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या प्रवक्त्याने २००४ मध्येच ‘लाल पारा’ नावाची वस्तू अस्तित्वात नाही असं स्पष्ट केलं होतं. तरी २००९ मध्ये सौदी अरेबियात हीच अफवा जुन्या शिलाई मशीनबद्दल उठली आणि लोकांनी भरमसाट पैसे मोजून मशीनं घेतली. मशीनच्या जागी रेडिओ आला, गोष्ट तीच राहिली.

मग आपल्या घरातला डबा नेमका आहे तरी काय? हे ओळखायला दुकान गाठायची गरज नाही. पेटी, काच, बटणं आणि व्हॉल्व्ह या चार गोष्टी त्याच क्रमाने बघितल्या तर बरंच कळतं. एकच अट, सेट विजेला जोडायचा नाही. का, ते पुढे येईल.

आधी पेटी

जुनी पेटी दोन प्रकारची असते. एक लाकडी, म्हणजे प्लायवूडवर पातळ सागवानी किंवा तसाच पापुद्रा चिकटवून पॉलिश केलेली. दुसरी बॅकेलाईटची, गडद तपकिरी किंवा काळी, हाताला जड आणि पडली तर कपबशीसारखी फुटणारी. आजकाल जुन्या धाटणीचे नवे रेडिओही मिळतात. ते आकाराच्या मानाने हलके असतात आणि मागे पेन ड्राईव्हची फट किंवा चार्जिंगची जागा सापडते.

पेटीची मागची बाजू जास्त बोलते. तिथे भोकं पाडलेली पुठ्ठ्यासारखी फळी असते. व्हॉल्व्ह तापतात, त्यांची ऊब बाहेर जावी म्हणून ही भोकं. याच फळीवर किंवा आतल्या पत्र्यावर कंपनीचं नाव आणि मॉडेलचा नंबर असतो. फळी हरवली असेल तर निराश व्हायला नको, खरी ओळख आत आहे.

मग काच आणि बटणं

काट्यामागच्या काचेवर गावांची नावं छापलेली असतात. त्यावरून सेट किती जुना याचा अंदाज बांधता येतो. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं, पुणे केंद्र १९५३ मध्ये. काचेवर इंग्रजीत ‘पूना’ असेल तर ती काच १९५३ च्या सुमाराची किंवा त्यानंतरची समजायची. ‘सिलोन’ हे नाव मात्र फार उपयोगाचं नाही, कारण त्या देशाचं नाव १९७२ मध्ये श्रीलंका झालं तरी जुन्या काचा तशाच राहिल्या. आकड्यांपुढे ‘किलोसायकल’ लिहिलं असेल तर तो जुना रिवाज, ‘किलोहर्ट्झ’ लिहिलं असेल तर त्या मानाने नंतरचा.

काचेवरून अलीकडची हद्द कळते, नेमकं साल कळत नाही. शिवाय दुरुस्तीत काच बदललेलीही असू शकते. म्हणून एकट्या काचेवर विसंबायचं नाही.

बटणं साधारण तीन-चार असतात. एक आवाजाचं, सुरुवातीलाच ‘टक’ करून चालू होणारं. दुसरं काटा सरकवणारं. तिसरं पट्टा बदलणारं, मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह. ते कधी पेटीच्या बगलेला असतं. चौथं असलं तर ते आवाज जाड-बारीक करायचं. एक बटण बाकीच्यांपेक्षा वेगळं दिसलं तर ते नंतर बसवलेलं समजा.

खरी ओळख व्हॉल्व्हवर

मागची फळी काढली की बल्बसारख्या काचेच्या नळ्या दिसतात. त्यांवर बारीक अक्षरांत नंबर असतो. नंबर पुसट असेल तर फडक्याने घासायचं नाही, शाई निघून जाते. काचेवर तोंडाची वाफ सोडायची, पुसलेली अक्षरं बहुतेक वेळा क्षणभर उठून दिसतात. तेवढ्यात मोबाईलवर फोटो घ्यायचा.

फिलिप्स आणि इतर युरोपीय पद्धतीच्या व्हॉल्व्हचा नंबर वाचायला सोपा आहे. पहिलं इंग्रजी अक्षर सांगतं की आतली तार कशावर तापते. ‘डी’ म्हणजे १.४ व्होल्ट, हा बॅटरीवरचा सेट. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट. हा बहुतेक वेळा विजेवरचा सेट असतो आणि आत लोखंडी पट्ट्यांचा जड ट्रान्सफॉर्मर असतो. मात्र मोटारच्या बॅटरीवर चालणाऱ्या काही सेटमध्येही ‘ई’चे व्हॉल्व्ह असत. ‘यू’ म्हणजे सगळ्या व्हॉल्व्हच्या तारा एकापुढे एक, दिवाळीच्या माळेसारख्या जोडलेल्या. हा सेट एसी आणि डीसी दोन्ही विजेवर चालायचा आणि त्यात मोठा ट्रान्सफॉर्मर नसतो.

‘यू’चा सेट सगळ्यात धोक्याचा. त्यात आतला पत्रा थेट विजेच्या तारेला जोडलेला असू शकतो. प्लग उलटा बसला तर पत्र्यात करंट येतो, आणि बटण निघालेलं असेल तर उघड्या दांड्याला हात लागला तरी झटका बसतो. वर्षानुवर्षं पडून असलेल्या सेटमधले जुने कंडेन्सरही निकामी झालेले असतात, वीज दिली की ते फुटतात किंवा ट्रान्सफॉर्मर जाळतात. म्हणून सेट विजेला न जोडण्याची अट.

आकड्यावरून व्हॉल्व्हचा काळ कळतो. ‘३’ने सुरू होणारा दोन आकडी नंबर म्हणजे खाली जाड काळं बूड आणि आठ पाय, ही जुनी धाटणी. ‘४’चा असेल तर काचेच्या बुडाला धातूची कड असते. हे १९४० च्या दशकाच्या शेवटीचे. ‘८’चा म्हणजे नऊ बारीक पाय, ‘९’चा म्हणजे सात बारीक पाय, हे छोटे व्हॉल्व्ह. अमेरिकन पद्धतीत नंबर आकड्याने सुरू होतो आणि तोच आकडा साधारण व्होल्टेज असतो. १२, ३५, ५० असे आकडे एकाच सेटमध्ये दिसले तर तोही ‘यू’सारखाच बिनट्रान्सफॉर्मरचा धरायचा.

एक नमुना बघू

समजा कोनाड्यात एक लाकडी सेट आहे. मागची फळी नाही, कंपनीचं नाव पुसलंय. विजेची वायर नाही, तिच्या जागी चार खुंट्यांचा एक लहान प्लग लोंबतोय. काचेवर ‘बॉम्बे, दिल्ली, पूना, सिलोन’ आहे. पुढे दोन बटणं, बगलेला एक. आत चारच व्हॉल्व्ह, प्रत्येकाला सात बारीक पाय. नंबर आहेत डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६ आणि डीएल ९६.

आता वाचू. चारही ‘डी’चे, म्हणजे बॅटरीचा सेट. विजेच्या सेटमध्ये एसीची डीसी करणारा एक व्हॉल्व्ह असतो, त्याच्या नंबरात ‘वाय’ किंवा ‘झेड’ येतं. इथे तो नाही. मोठा ट्रान्सफॉर्मरही नाही. स्पीकरजवळ एक छोटा दिसेल, पण तो स्पीकरचा असतो, त्याने फसायचं नाही. ‘के’चा व्हॉल्व्ह स्टेशन पकडतो, ‘एफ’चा ते वाढवतो, ‘एएफ’चा त्यातून आवाज वेगळा काढतो आणि ‘एल’चा स्पीकर हलवतो.

‘पूना’ आहे म्हणून १९५३ च्या सुमारानंतरचा. ९६ नंबरचे व्हॉल्व्हही १९५० च्या दशकातलेच. पुढे १९६० च्या दशकात ट्रान्झिस्टर आले आणि असे सेट मागे पडले. म्हणजे गावात वीज येण्याआधीचा, कोरड्या बॅटरीच्या मोठ्या खोक्यावर चालणारा हा रेडिओ. त्या बॅटरीत दोन दाब असत, तारा तापवायला दीड व्होल्ट आणि व्हॉल्व्ह चालवायला ९० व्होल्ट.

इथेच नेहमीची चूक होते. लोंबता प्लग बघून कुणीतरी त्याला विजेची वायर जोडतं. चारही व्हॉल्व्हच्या तारा एका क्षणात जळतात आणि सेटची निम्मी किंमत तिथेच जाते. दुसरी गोष्ट, या व्हॉल्व्हची तार इतकी बारीक असते की चालू असतानाही तिचा उजेड जेमतेम दिसतो. ‘पेटत नाही म्हणजे गेलेत’ असं कुणी म्हणालं तर लगेच मानू नका.

चकाकी कसली आणि लाल रंग कसला?

व्हॉल्व्हच्या काचेला आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो. लोक त्यालाच पारा समजतात. तो बेरियम धातूचा पातळ थर असतो, आत उरलीसुरली हवा शोषून घेण्यासाठी दिलेला. याच डागावरून व्हॉल्व्हची तब्येतही कळते. डाग चंदेरी किंवा काळपट असेल तर काच बंद आहे. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, तो व्हॉल्व्ह मेला.

काही व्हॉल्व्ह खरोखरच बाहेरून लाल असतात. १९३० च्या दशकात फिलिप्सने काचेवर धातूचा फवारा मारून वरून लाल रंग दिलेले व्हॉल्व्ह काढले होते. बाजूच्या व्हॉल्व्हची गडबड आत शिरू नये म्हणून तो थर. नखाने खरवडला तर खाली साधी काच निघते. पण खरवडू नका, कारण असा अख्खा व्हॉल्व्ह जुन्या रेडिओच्या कारागिराला हवाच असतो.

गिऱ्हाईक दारात आलं तर

मागणी पाऱ्याला नसली तरी अख्ख्या सेटला असते. जुने रेडिओ जमवणारे लोक पेटी, काच, सगळी बटणं आणि मूळ व्हॉल्व्ह असलेला सेट शोधतात. भंगारवाला मात्र तोच सेट लोखंड-तांब्याच्या वजनाने मागतो. म्हणून सौद्याआधी चार फोटो काढून ठेवा : समोरून पेटी, जवळून काच, मागून आतला भाग आणि प्रत्येक व्हॉल्व्हचा नंबर. कपाटात टपाल कचेरीचं रेडिओ लायसनचं पुस्तक सापडलं तर तेही सेटसोबत ठेवा, त्यावरच्या शिक्क्यांच्या तारखांवरून रेडिओ घरात कधीपासून होता ते कळतं.

आणि जो माणूस मॉडेल विचारत नाही, काच बघत नाही, थेट ‘लाल व्हॉल्व्ह आहे का’ एवढंच विचारतो आणि आधी पैसे पाठवा म्हणतो, त्याला रेडिओ घ्यायचाच नसतो. असा फोन आला तर नंबर जपून ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाईनवर कळवा.